भाजक्या मातीचे कानातले: गणपतीसाठीची नवी डिझाइन्स, त्यांची निगा आणि ऑर्डर

या वेळी चारच प्रकार केले आहेत. चिकटून बसणाऱ्या फिरकीच्या कुड्या, लोंबती कोयरी, झुमके आणि बिनरंगाची काळी जोडी. कुड्यांची जोडी साधारण ६ ग्रॅमची, कोयरीची ९ आणि झुमक्यांची १६ ग्रॅमची आहे. दिवसभर घालायचे असतील तर वजन आधी बघा, नक्षी मागाहून. १६ ग्रॅमचे झुमके कार्यक्रमापुरते ठीक, पण पाळीचं भोक ओघळलेलं असेल तर सोबत कानवेल लावाच. भार केसांवर जातो, कान दुखत नाही.

काळ्या जोडीबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते, म्हणून सांगतो. तो रंग लावलेला नाही. भाजणं संपत आलं की भट्टीत भुसा टाकून तिचं तोंड बंद करतो. धूर आत कोंडतो, बाहेरची हवा मिळत नाही आणि काजळी मातीत मुरते. त्यामुळे काळेपणा कुठे गडद, कुठे राखाडी येतो आणि एका जोडीतले दोन्ही कान अगदी सारखे नसतात. आम्हाला तेच आवडतं. तुम्हाला एकसारखा काळा हवा असेल तर ही जोडी घेऊ नका.

बाकी तिन्ही प्रकारांवर ॲक्रिलिक रंग आहे आणि त्यावर वॉर्निशचा एक हात. निगा राखायची ती मुख्यतः या रंगाची. माती एकदा नीट भाजली की पाण्यात विरघळत नाही, रंगाचं मात्र तसं नाही. गेल्या वर्षी एका ताईंनी निळे झुमके परत पाठवले. एका बाजूचा निळा चिकट झाला होता आणि त्यावर बोटाचा ठसा उमटला होता. आधी वाटलं, वॉर्निश कच्चं राहिलं असेल. पण दुसरी बाजू ठणठणीत होती. विचारल्यावर कळलं, झुमके घालून झाल्यावर त्या मानेवर सेंट मारत, तेही नेहमी उजवीकडे. आम्ही उरलेल्या निळ्या झुमक्यावर सेंटचा बोळा फिरवला तर बोळा लगेच निळा झाला. सेंटमधल्या अल्कोहोलने ॲक्रिलिक सुटतं. तेव्हा आधी सेंट, पावडर, केसांचा स्प्रे, ते वाळल्यावर कानातले. काढताना उलट क्रम: पहिले कानातले.

अंघोळीला, पोहायला घालू नका. पावसात भिजले तर घाबरू नका, फडक्याने टिपून पंख्याखाली रात्रभर ठेवा. ड्रायर मारू नका आणि उन्हातही टाकू नका. धूळ बसली तर कोरडा मऊ ब्रश पुरे, साबण नको. ठेवताना कापसात किंवा सुती फडक्यात गुंडाळून डबीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन रंगीत जोड्या एकत्र ठेवल्या की मे महिन्याच्या उकाड्यात एकीचा रंग दुसरीला चिकटतो.

पडले तर फुटतात, त्याला इलाज नाही. तुटतं ते बहुतेक वेळा हुकाच्या कडीपाशी, कारण तिथेच माती सगळ्यात पातळ असते. म्हणून काढताना झुमका ओढू नका, हूक धरून काढा. पडूनही वरून धड दिसत असेल तर नखाने टिचकी मारून बघा. खणखणीत वाजला तर बरा आहे, थप्प असा आवाज आला तर आत तडा आहे. असा झुमका गर्दीत घालून जाऊ नका.

ऑर्डर द्यायला हे पत्रक ज्या नंबरवरून आलं त्याच नंबरवर व्हॉट्सॲप करा. जोडीचा फोटो, फिरकी हवी की हूक, आणि पिनकोडसह पत्ता एवढं एकाच मेसेजात पाठवा. जोडी शिल्लक असेल तर आम्ही कुरिअरसह रक्कम कळवतो, यूपीआयने पैसे आले की दोन दिवसांत पार्सल निघतं. इरकल किंवा पैठणीला जुळणारा रंग हवा असेल तर साडीचा फोटो दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदाशेजारी ठेवून काढा. ट्यूबलाइटखाली जांभळा निळा दिसतो आणि मग आपल्या दोघांचा घोळ होतो.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. आत काही फुटलेलं निघालं तर त्याच दिवशी पाठवा, नवीन जोडी आमच्या खर्चाने येईल. रंग सांगून करून घेतलेली जोडी मात्र परत घेत नाही.

सांगून करून घ्यायची असेल तर गणपतीच्या महिनाभर आधी कळवा. उन्हाळ्यात कच्चा झुमका सावलीत चार दिवसांत वाळतो, पावसाळ्यात नऊ-दहा दिवस घेतो, आणि ओला भट्टीत गेला तर आतल्या वाफेने फुटतो. घाईची म्हणून घेतलेली एक अख्खी भट्टी आम्ही अशीच घालवली आहे. त्यामुळे उशिरा आलेल्यांना तयार जोड्यांतूनच निवडावं लागेल.