आयताकृती पल्सचा वर्णपट आणि बँडविड्थ

ठरावीक काळ एकाच उंचीवर राहून पुन्हा शून्यावर येणाऱ्या विद्युत संकेताला आयताकृती पल्स म्हणतात. डिजिटल दुव्यावरचा प्रत्येक बिट साधारणपणे अशाच पल्सच्या रूपात निघतो. ही पल्स कोणकोणत्या वारंवारतांच्या लहरींनी बनली आहे आणि त्यातली प्रत्येक लहर किती मोठी आहे, हे तिच्या वर्णपटावरून कळते. पल्सची उंची A आणि रुंदी T असेल, तर वर्णपट असा येतो:

X(f) = A · sin(πfT) / (πf)

शून्य वारंवारतेला याची किंमत AT, म्हणजे पल्सचे क्षेत्रफळ. तिथून तो उतरत उतरत f = 1/T ला शून्य होतो. पुढे लहान लहान उंचवटे येतात आणि 2/T, 3/T अशा प्रत्येक ठिकाणी तो पुन्हा शून्याला टेकतो. मधल्या मोठ्या भागाला मुख्य पाळी म्हणतात. पल्सची सुमारे ९० टक्के ऊर्जा या पाळीतच असते. पहिला उंचवटा मुख्य शिखराच्या जेमतेम पाचव्या भागाइतका असतो. पण उंचवटे कधीच पूर्ण संपत नाहीत. म्हणून काटेकोर अर्थाने आयताकृती पल्सची बँडविड्थ, म्हणजे तिने व्यापलेला वारंवारतांचा पट्टा, अनंत आहे, आणि व्यवहारात प्रश्न एवढाच उरतो की तिचा किती भाग तारेतून पलीकडे पोचवायचा.

पहिले शून्य 1/T लाच का?

एखादी वारंवारता पल्समध्ये किती आहे हे काढायचे तर त्या वारंवारतेच्या लहरीने पल्सला गुणायचे आणि सगळी बेरीज करायची. पल्सच्या बाहेर संकेत शून्य आहे, त्यामुळे बेरीज फक्त T एवढ्या काळातली. लहर अगदी संथ असेल तर तेवढ्या काळात ती जवळपास स्थिर राहते आणि बेरीज पुरेपूर भरते. वारंवारता वाढवत गेलो की लहरीचा काही भाग उलट चिन्हाचा होऊ लागतो आणि बेरीज घटते. बरोबर 1/T ला लहरीचे एक पूर्ण आवर्तन पल्समध्ये मावते. त्याचा धन अर्धा आणि ऋण अर्धा एकमेकांना पुरते खोडतात, म्हणून उत्तर शून्य.

आता पल्स निम्मी करा. तेच पूर्ण आवर्तन मावण्यासाठी लहर दुप्पट वेगाची लागेल, म्हणून पहिले शून्य दुप्पट लांब सरकते. छोट्या पल्सला जास्त बँडविड्थ का लागते, याचे सगळे उत्तर एवढ्यातच आहे. त्यात तारेचा, सर्किटचा किंवा चिपचा संबंध नाही. ही केवळ गणिताची अट आहे आणि कितीही महागडी केबल आणली तरी ती टळत नाही.

स्कोपवर पाहताना

नाशिकमधल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असतो तसा साधा फंक्शन जनरेटर आणि संकेताचा वर्णपट काढून दाखवणारी एफएफटी सोय असलेला डिजिटल ऑसिलोस्कोप एवढ्यावर हे दिसते. पल्सची रुंदी १ मायक्रोसेकंद ठेवून ती दर १० मायक्रोसेकंदांनी परत येऊ द्यावी. पल्स पुनःपुन्हा येत असल्यामुळे पडद्यावर सलग वक्र दिसत नाही, उभ्या रेघा दिसतात. त्या १०० किलोहर्ट्झच्या अंतराने येतात आणि त्यांची टोके जोडली की वरच्या सूत्राचा आकार उमटतो. १ मेगाहर्ट्झच्या जागी, म्हणजे दहाव्या रेघेच्या ठिकाणी, रेघ गायब असते.

मग नुसती रुंदी अर्धा मायक्रोसेकंद करावी. रेघांमधले अंतर तेच राहते, कारण पुनरावृत्तीचा वेग बदललेला नाही. गायब रेघ मात्र २ मेगाहर्ट्झवर जाते आणि सुरुवातीच्या रेघा सुमारे ६ डेसिबलने खाली येतात. पल्स आखूड करताना दोन गोष्टी होतात: ऊर्जा वारंवारतेच्या अक्षावर पसरते आणि कमी वारंवारतांच्या वाट्याला कमी येते. विद्यार्थी बहुतेक वेळा पहिलीच नोंदवतात. दुव्याच्या दृष्टीने दुसरीही तितकीच जाचक आहे, कारण केबल जो कमी वारंवारतेचा भाग सहज नेते, त्यातच आता फारसे काही उरलेले नसते.

वर्णपट कापला गेला की काय होते

१ किलोओहमचा रोध आणि १ नॅनोफॅरडचा धारित्र घेऊन साधा आरसी फिल्टर जोडावा. त्याचा कालस्थिरांक १ मायक्रोसेकंद, तर कटऑफ वारंवारता सुमारे १५९ किलोहर्ट्झ. लांब केबलची ही ढोबळ नक्कल समजावी. ५ व्होल्टची पल्स यातून पाठवली आणि पलीकडे २.५ व्होल्टवर निर्णय घेणारा कंपॅरेटर ठेवला, असे धरू.

५ मायक्रोसेकंदांची पल्स सुमारे ४.९७ व्होल्टपर्यंत चढते. कडा गोल झालेल्या दिसतात, बाकी काही बिघडत नाही. १ मायक्रोसेकंदाची पल्स ३.१६ व्होल्टपर्यंतच जाते, तरी निर्णयरेषा ओलांडते. ०.६ मायक्रोसेकंदाची पल्स २.२६ व्होल्टवर पोचते न पोचते तोच तिचा वेळ संपतो. कंपॅरेटरच्या लेखी तो बिट आलाच नाही.

मात्र हा निकाल सुटा १, म्हणजे बराच वेळ ० असताना मध्येच आलेला एकच १, याच्यापुरता आहे. त्याच ०.६ मायक्रोसेकंदाच्या बिटांनी सतत १०१०१० पाठवले, तर काही बिटांनंतर व्होल्टेज १.७७ ते ३.२३ या पट्ट्यात वरखाली होत राहते आणि दर वेळी निर्णयरेषा ओलांडते. कारण धारित्र पूर्ण रिकामा होतच नाही, प्रत्येक १ ला आधीच्या भारावरून सुरुवात मिळते. आधीच्या बिटाचे शेपूट पुढच्या बिटात शिरण्याच्या या प्रकाराला आंतरप्रतीक व्यत्यय म्हणतात. एकाआड एक बिटांच्या नमुन्यात तो मदत करतो, सुट्या बिटाला मारतो. म्हणून दुवा तपासायला १०१०१० हा नमुना सर्वांत फसवा. यादृच्छिक भासणारा बिटक्रम पाठवूनच तपासावे.

सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत पीएलसी या यंत्रनियंत्रकापासून मशीनवरच्या ड्राइव्हपर्यंत मॉडबस या औद्योगिक संदेशपद्धतीची जोडतार टाकली जाते, तिथे हाच दोष वेगळ्या रूपात दिसू शकतो. बाइट एकेका बिटाने तारेवर घालणारी यूएआरटी आधी ० हा स्टार्ट बिट पाठवते, मग सगळ्यांत खालच्या बिटापासून बाइट, शेवटी १ हा स्टॉप बिट. त्यामुळे `0x55` सलग पाठवले की तारेवर तंतोतंत एकाआड एक बिट येतात. उलट `0xFF` पाठवले की सगळ्या १ च्या मध्ये स्टार्ट बिटाचा एकच सुटा ०. तो निर्णयरेषेपर्यंत उतरला नाही तर सबंध बाइटच हरवतो. चाचणीत `0x55` सुरळीत आणि प्रत्यक्ष संदेशांत सीआरसी या तपासणी आकड्याची मधूनच चूक, तीही ठरावीक आकड्यांनाच, असे दिसले तर बँडविड्थ कमी पडत असल्याचा संशय घ्यावा. बाहेरचा गोंगाट आकडे पाहून येत नाही.

यावर बॉड रेट, म्हणजे इथे दर सेकंदाला जाणाऱ्या बिटांची संख्या, उतरवणे हा सर्वपरिचित उपाय. ११५२०० वर एक बिट ८.७ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे पहिले शून्य ११५ किलोहर्ट्झच्या आसपास. ९६०० वर बिट १०४ मायक्रोसेकंदांचा होतो आणि मुख्य पाळी ९.६ किलोहर्ट्झमध्ये आवळते. केबल तीच, पण आता वर्णपटाचा महत्त्वाचा भाग तिच्या आवाक्यात आलेला असतो.

कमीत कमी किती?

पलीकडे पल्सचा आकार जसाच्या तसा मिळालाच पाहिजे, असे नसते. ठरावीक क्षणी ० की १ एवढेच कळायला हवे. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये तारायंत्राच्या संदर्भात दाखवले की प्रत्येक T काळाला एक प्रतीक, म्हणजे एका वेळी तारेवर ठेवलेली एक पातळी, पाठवायचे असेल, तर तत्त्वतः 1/(2T) एवढी बँडविड्थ पुरते. आयताकृती पल्सच्या मुख्य पाळीच्या ही निम्मी. त्यासाठी पल्सला असा आकार द्यावा लागतो की शेजारच्या प्रत्येक बिटाच्या वाचनक्षणी तिची किंमत शून्य असेल. अगदी किमान मर्यादेवरची पल्स मात्र व्यवहारात परवडत नाही. तिची शेपटे लांबवर पसरतात आणि वाचनक्षण जरा ढळला की चुका वाढतात. म्हणून थोडी जास्त बँडविड्थ खर्च करून शेपटे आखूड केली जातात.

या नियमात T प्रतीकाचा आहे, बिटाचा नाही. गिगाबिट इथरनेट त्याचाच फायदा घेते. दोन पातळ्यांनी एकाच जोडीवरून १ गिगाबिट पाठवायचे तर १ नॅनोसेकंदाची पल्स लागेल आणि किमान ५०० मेगाहर्ट्झ हवे. कॅट ५ई केबलची हमी १०० मेगाहर्ट्झपर्यंतच आहे. म्हणून चारही जोड्या वापरून प्रत्येकीवर ८ नॅनोसेकंदांचे प्रतीक ठेवले, आणि पाच पातळ्यांच्या संकेतातून दर प्रतीकाला २ बिट काढले. ८ नॅनोसेकंदांसाठी किमान मर्यादा ६२.५ मेगाहर्ट्झ, ती केबलमध्ये बसते. किंमत गोंगाटाच्या रूपात मोजावी लागते: तेवढ्याच व्होल्टेजमध्ये पाच पातळ्या मांडल्या की लगतच्या पातळ्यांमधले अंतर चौथ्या हिश्शावर येते.

कडांचा वेगळा हिशेब

बॉड रेट कमी केला तरी न सुटणारा एक प्रश्न उरतो. प्रत्यक्ष पल्सच्या कडा उभ्या नसतात, त्यांना चढायला थोडा वेळ लागतो. हा चढकाळ tr धरला तर वर्णपटाची उतरण 1/(π·tr) च्या पुढे अधिक तीव्र होते. ९६०० बॉडच्या दुव्यावर ड्रायव्हरची कड १० नॅनोसेकंदांत चढत असेल, तर ही सीमा ३२ मेगाहर्ट्झच्या जवळ जाते, बिट कितीही लांब असला तरी. केबलच्या टोकाकडून येणारे परावर्तन आणि शेजारच्या वायरिंगमध्ये शिरणारा उपद्रव ठरतो तो या कडांवर. परावर्तनासाठी दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध लावले जातात. उपद्रवासाठी मुद्दाम संथ कडांचे ड्रायव्हर मिळतात: चढकाळ १ मायक्रोसेकंद केला की सीमा ३२० किलोहर्ट्झपर्यंत खाली येते. ९६०० वर एवढ्या संथपणाने काहीच फरक पडत नाही. १ मेगाबिटचा दुवा मात्र अशा ड्रायव्हरवर चालणार नाही, कारण तिथे अख्खा बिटच १ मायक्रोसेकंदाचा असतो.