उंदरांचे मूत्र व लेंड्या : लेप्टोस्पायरोसिसचा धोका आणि उपद्रवानंतरची सफाई

घरात, गोदामात किंवा सोसायटीच्या आवारात उंदीर-घुशींचा वावर झाला की त्यांच्या मूत्रातून व लेंड्यांतून माणसाला होऊ शकणारे आजार आणि ती घाण सुरक्षितपणे काढण्याची पद्धत, हा या नोंदीचा विषय. ठाणे व नवी मुंबईच्या संदर्भात यांतला सर्वांत महत्त्वाचा आजार म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, बोलीत ‘लेप्टो’. लेंड्या डोळ्यांना दिसतात म्हणून लोक त्यांना घाबरतात. लेप्टोचा जंतू मात्र मूत्रातून बाहेर पडतो, आणि ते वाळले की बहुधा दिसतही नाही.

लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पिळदार जिवाणू आहे. तो उंदराच्या मूत्रपिंडात वस्ती करून राहतो. उंदीर आजारी पडत नाही, पण महिनोन् महिने मूत्रावाटे जंतू सोडत राहतो. घुशी, कुत्री, गुरे व डुकरे यांच्यातूनही जंतू पसरतो. मात्र शहरात मुख्य वाटा उंदीर-घुशींचाच. ओलाव्यात, सावलीत आणि फार आम्ल नसलेल्या पाण्यात किंवा चिखलात हा जंतू काही आठवडे टिकतो. कोरडेपणा, ऊन, साबण आणि क्लोरीन यांपुढे तो फार तग धरत नाही. माणसाच्या शरीरात तो कातडीवरच्या चिरा, खरचटलेली जागा, पाण्यात भिजून पांढरी पडलेली त्वचा आणि डोळे, नाक, तोंड यांच्या ओल्या अस्तरातून शिरतो. पायाच्या बोटांमधल्या चिखल्या किंवा टाचेची भेग एवढी वाटही त्याला पुरते.

म्हणूनच हा आजार पावसाळ्यात डोके वर काढतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबई-ठाण्याचे मोठे भाग पाण्याखाली गेले आणि पुढच्या आठवड्यांत लेप्टोची साथ आली. पूर आला की घुशींच्या बिळांतले आणि गटारांतले पाणी रस्त्यावरच्या पाण्यात मिसळते. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसलेला आहे. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की पाण्याचा निचरा थांबतो. सिडकोने पावसाचे पाणी भरती ओसरेपर्यंत साठवणारे धारण तलाव बांधले ते याच कारणाने. ठाण्यात कळवा, मुंब्रा, दिवा या पट्ट्यातल्या सखल वस्त्यांची अडचणही हीच. गुडघाभर पाण्यातून घरी आलेला माणूस पाय धुऊन मोकळा होतो, पण तळमजल्यावरचे मीटररूम, पंपरूम आणि जमिनीखालच्या टाकीचे झाकण यांच्याभोवतीचे पाणी दोन-दोन दिवस साचून राहते. सफाई कामगार, वॉचमन, प्लंबर आणि भाजीबाजारातले हमाल यांचा या पाण्याशी रोजचा संबंध येतो. पावसाळी गमबूट आणि रबरी हातमोजे ही त्यांच्यासाठी खरी संरक्षणाची साधने आहेत आणि ती पुरवणे हे मालकाचे व सोसायटीचे काम आहे.

वाळलेल्या लेंड्यांचे गणित वेगळे. माळ्यावर महिनाभर वाळलेल्या लेंडीत लेप्टोचा जंतू जिवंत असण्याची शक्यता कमी असते. पण तिच्यात साल्मोनेलासारखे आतड्याचे जंतू टिकू शकतात. ते हातावरून किंवा भांड्यांवरून अन्नात गेले तर जुलाब-उलट्या होतात. दुसरा धोका धुळीचा. जगाच्या काही भागांत उंदरांच्या मूत्र-लेंड्यांची धूळ श्वासातून गेल्याने हंताव्हायरसचा जीवघेणा फुप्फुसविकार होतो. अमेरिकेत १९९३ साली त्याचा उद्रेक झाला, आणि लेंड्या झाडू नयेत, भिजवून पुसाव्यात, हा नियम त्यानंतर जगभर रुळला. आपल्याकडे हंताव्हायरसचे रुग्ण क्वचितच नोंदले जातात. तरी हा नियम इथेही पाळावा, कारण कोरड्या झाडूने उडालेली धूळ इतर जंतूंसह नाका-डोळ्यांत जाते आणि दम्याच्या रुग्णाला लगेच त्रास होतो.

सफाईची पद्धत एका नेहमीच्या प्रसंगातून पाहू. कोपरखैरण्यातले तळमजल्याचे घर, श्रावण संपत आलेला, आणि गणपतीचे मखर काढायला कोणीतरी माळ्यावर चढते. खोक्याच्या कडा कुरतडलेल्या, पडद्याच्या कापडावर पिवळट डाग, कोपऱ्यात लेंड्या. लेंडी तांदळाएवढी असेल तर घरातले लहान उंदीर. सेंटिमीटरभर लांब आणि टोकदार असेल तर मोठा उंदीर. मऊ आणि चकचकीत असेल तर वावर ताजा आहे. अशा वेळी आधी उंदीर पकडायचे आणि आत येण्याची भोके बुजवायची. साधारण आठवडाभर सापळ्यात काही सापडले नाही, नवी लेंडी दिसली नाही, की सफाईला हात घालायचा. त्याआधी केलेली सफाई फुकट जाते.

सफाईच्या दिवशी खिडक्या-दारे उघडून अर्धा तास खोलीबाहेर थांबावे. मग पंखा बंद ठेवूनच काम करावे, नाहीतर तोच धूळ घरभर फिरवतो. हातात रबरी मोजे, पायात बंद चपला, तोंडावर एन-९५ मास्क. रुमालातून बारीक धूळ आरपार जाते.

जंतुनाशक म्हणून ब्लिचिंग पावडर चांगली आणि स्वस्त. प्लास्टिकच्या बादलीत १ लिटर पाण्याला १५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक मोठा शिगोशीग चमचा पावडर घालून ढवळावी आणि दहा मिनिटे ठेवावी. चुना तळाला बसला की वरचे स्वच्छ पाणी कापडातून गाळून फवारणीच्या बाटलीत भरावे. न गाळता भरले तर बाटलीचे तोंड हमखास तुंबते. ३३ टक्क्यांच्या ताज्या पावडरीपासून असे साधारण अर्धा टक्का क्लोरीनचे द्रावण मिळते. बाटलीबंद ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी. इथे घात होतो तो जुन्या पावडरीचा. पावसाळी हवेत उघडी राहिलेली पावडर गोळे धरते आणि तिचा क्लोरीन उडून जातो. उघडल्यावर नाकाला झणका बसला नाही तर ती टाकून द्यावी. द्रावण त्या-त्या दिवशीच करावे. त्यात संडासाचे ॲसिड किंवा अमोनिया असलेला क्लीनर कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. नुसत्या सुवासिक फिनाईलवर विसंबू नये. वास बदलला म्हणजे जंतू मेले असे नाही.

लेंड्या आणि डाग यांवर द्रावण हलक्या हाताने, लेंड्या उडणार नाहीत असे फवारून चिंब करावे आणि निदान पाच मिनिटे तसेच ठेवावे. मग जुन्या कागदाने किंवा टाकाऊ फडक्याने ते टिपून थेट पिशवीत टाकावे. पिशवीचे तोंड बांधून ती दुसऱ्या पिशवीत घालून पुन्हा बांधावी. ही पिशवी ओल्या कचऱ्यात किंवा सोसायटीच्या खतखड्ड्यात जाऊ देऊ नये. घाण निघाल्यावर त्याच जागेवर पुन्हा ताजे द्रावण लावून पुसावे. ही दुसरी फेरी बहुतेक जण गाळतात, आणि जंतू खऱ्या अर्थाने तिच्यातच मरतात, कारण पहिल्या फवाऱ्यातला बराचसा क्लोरीन घाणीशी झगडण्यातच खर्च होतो. पूर ओसरल्यावर चिखलावर कोरडी ब्लिचिंग पावडर भुरभुरण्याचा फारसा उपयोग होत नाही, तोही याच कारणाने. आधी चिखल उपसावा, जागा पाण्याने धुवावी, मग द्रावण वापरावे.

माळ्यावरच्या वस्तूंचा निर्णय एकेक करून घ्यावा. पुठ्ठ्याची खोकी टाकून द्यावीत, ती आतपर्यंत मूत्र शोषून घेतात. मखराचे पडदे ब्लीचने विटतात. ते गरम पाण्यात डिटर्जंटने धुऊन कडक उन्हात वाळवावेत. ऊन नसेल तर पंख्याखाली पूर्ण कोरडे होईपर्यंत ठेवावेत. तांब्या-पितळेच्या समया आणि ॲल्युमिनियमची पातेली क्लोरीनने काळवंडतात, त्यांना साबण आणि गरम पाणी पुरे. कुरतडलेल्या पाकिटातले धान्य निवडून वापरू नये, सगळेच टाकावे. मेलेला उंदीर सापडला तर त्याच्यावर व सापळ्यावरही द्रावण फवारून मगच उचलावे. काम संपल्यावर मोजे हातातच असताना साबणाने धुवावेत, मग काढावेत आणि हात पुन्हा धुवावेत. काही जण अतिनील टॉर्चने मूत्राचे डाग शोधतात. वाळलेले मूत्र त्यात चमकते खरे, पण डिटर्जंटचे डागही चमकतात, त्यामुळे टॉर्चच्या भरवशावर ‘इथे काही नाही’ असे ठरवू नये.

सफाईनंतर किंवा साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर महिनाभर तापाकडे लक्ष ठेवावे. लेप्टोचा ताप बहुधा ५ ते १४ दिवसांत येतो, क्वचित तिसाव्या दिवशीही. थंडी वाजून ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दाबताच कळवळायला लावणारे दुखणे आणि चिपडे नसताना लाल झालेले डोळे ही त्याची खूण. बहुतेक रुग्ण बरे होतात. थोड्यांना कावीळ होते, लघवी कमी होते किंवा थुंकीतून रक्त पडते, आणि तेव्हा तासांचाही उशीर परवडत नाही. पावसाळ्यात डेंग्यूशी गफलत होते, कारण प्लेटलेट्स दोन्हींत उतरतात. डेंग्यूत पांढऱ्या पेशी सहसा कमी होतात, लेप्टोत बऱ्याचदा वाढतात आणि मूत्रपिंडाचे काम मंदावल्याचे दाखवणारे क्रिएटिनिनही रक्तात चढते. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधणारी रक्तातली आयजीएम चाचणी पहिल्या पाच-सहा दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून संशय असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करतात, गंभीर रुग्णाला पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन शिरेतून देतात. पुराच्या पाण्यातून चालणे झाले असेल, विशेषतः पायाला जखम असेल, तर ताप येण्याआधीच, २४ ते ७२ तासांच्या आत, प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन घेण्याचा सल्ला महापालिकेचे डॉक्टर देतात. मात्रा आणि दिवस जोखमीप्रमाणे बदलतात. गरोदर स्त्रिया व आठ वर्षांखालील मुलांसाठी दुसरे औषध निवडले जाते. ताप आल्यावर मनाने आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेऊ नयेत, ती मूत्रपिंडावर ताण आणतात. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी माळा कधी साफ केला, कुठल्या पाण्यातून चाललो हे तारखेसह सांगावे. नुसता ‘दोन दिवस ताप आहे’ एवढाच निरोप मिळाला तर लेप्टोचा विचार मागे पडतो.