क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन: किडनीच्या दोन तपासण्या, दोन वेगळे प्रश्न

बीपी नव्याने निघालं की आम्ही तपासण्यांची चिठ्ठी देतो. ईसीजीत हृदयाचा डावा कप्पा जाड झाल्याच्या खुणा शोधतो. साखर आणि लिपिडवरून हार्ट अटॅक, पक्षाघाताचा धोका जोखतो. पोटॅशियम काही औषध चालू नसतानाच कमी आलं, तर बीपीमागे अल्डोस्टेरॉन हे हार्मोन असल्याची शंका येते. खरा गोंधळ होतो तो किडनीच्या दोन तपासण्यांत.

कोथरूडचे ४६ वर्षांचे एक गृहस्थ रिपोर्ट घेऊन आले. "डॉक्टर, क्रिएटिनिन ०.९ आहे, अगदी नॉर्मल. मग लघवी पुन्हा कशाला?" त्यांच्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण ९० होतं, म्हणजे एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ९० मिलिग्रॅम अल्ब्युमिन हे प्रथिन. ते ३०च्या आत हवं.

चहाची गाळणी आठवा. चहा किती वेगाने खाली उतरतो हा एक प्रश्न आणि चोथा खाली येतो का हा दुसरा. रक्तातलं क्रिएटिनिन पहिल्याचं उत्तर देतं, लघवीतलं अल्ब्युमिन दुसऱ्याचं. वाढलेल्या दाबाने किडनीची जाळी झिरपू लागते, तेव्हा गाळण्याचा वेग बरेचदा शाबूत असतो. साध्या पट्टीच्या तपासणीत एवढं थोडं अल्ब्युमिन निसटू शकतं, म्हणून प्रमाण मोजून घ्यावं.

उलटही घडतं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे नुसता आकडा फसवतो. १.१ हाच आकडा ३० वर्षांच्या तरुणात गाळण्याचा वेग सुमारे ९३ दाखवतो आणि ६२ वर्षांच्या बाईंत सुमारे ५७. लॅबच्या छापील मर्यादेत दोघंही बसू शकतात, पण ६०च्या खाली हा वेग तीन महिने टिकला तर तो किडनीचा जुनाट आजार ठरतो, लघवी स्वच्छ असली तरी. म्हणून रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून काढलेला हा गाळण्याचा वेग, लिहिलेला आहे का ते बघा.

अल्ब्युमिनच्या एका रिपोर्टवर मात्र मी शिक्का मारत नाही. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी, आदल्या दिवशी सिंहगड चढून येणं, यांनीही ते वाढतं. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले हवेत, आणि नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा असलेला बरा.

त्या गृहस्थांचा दुसरा नमुना ८५ आला. टेल्मिसार्टन सुरू केलं, कारण या गटातली औषधं बीपीबरोबर ही गळतीही कमी करतात. इथे सुरुवातीचं क्रिएटिनिन कामी आलं. औषधाने ते थोडं चढतं आणि मूळ आकड्याच्या ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालते. पण मूळ आकडाच नसेल तर वाढ मोजणार कशी? दोन आठवड्यांनी त्यांचं १.० आलं, पोटॅशियम ४.६. गोळी चालू ठेवली.