हसण्याची मजुरी आणि उद्याची धास्ती

रविवारी सकाळी अकरा वाजता कोथरूडच्या एका सोसायटीत ॲपवरून बोलावलेली ब्यूटिशियन ताई बेल वाजवते, असं समजू. खांद्यावरच्या जड बॅगेत वॅक्स हीटर, डिस्पोजेबल चादरी, टॉवेल, क्रीमचे डबे. पुढच्या दीड तासात ती दोन कामं करते. एक हातांनी : वॅक्सिंग, क्लीनअप, थ्रेडिंग. दुसरं चेहऱ्याने आणि आवाजाने. समोरची बाई जावेची तक्रार सांगत असते ती मन लावून ऐकायची, आणि "मागच्या वेळी आलेली मुलगी जास्त हलक्या हाताने करायची" हे वाक्य कानावर पडलं तरी कपाळावर आठी येऊ द्यायची नाही. काम आटोपून ती खाली येते, पार्किंगमध्ये स्कूटीवर टेकते आणि फोन उघडते. स्टार किती मिळाले? पुढच्या कामाची लीड आली का? नाही आली तर दुपार अशीच जाणार का?

वरच्या घरातलं ते हसू आणि पार्किंगमधली ती धास्ती या दोन्हींना आपण सरसकट "कामाचा मानसिक ताण" म्हणतो. लेखांत आणि चर्चांत हल्ली "भावनिक श्रम" हा शब्द दोन्हींसाठी वापरला जातो. पण ही दोन ओझी वेगळी आहेत, त्यांची कारणं वेगळी आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून ती आधी सुटी करून बघायला हवीत.

"भावनिक श्रम" ही कल्पना अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 साली पुस्तकातून मांडली. त्यांनी डेल्टा एअरलाइन्सच्या हवाई सुंदरींचा बारकाईने अभ्यास केला. प्रशिक्षणात या मुलींना सांगितलं जाई की विमानाची केबिन म्हणजे आपल्या घराची बैठकीची खोली आहे असं माना. एखादा प्रवासी खेकसला, तर त्याच्या आयुष्यात नुकतंच काहीतरी वाईट घडलं असेल अशी कल्पना करा, म्हणजे तुम्हाला राग येणारच नाही. इथे कंपनी फक्त ओठांवरचं हसू मागत नव्हती. त्या हसण्यामागची भावनाही तिला कर्मचाऱ्याच्या आत तयार करून हवी होती. हॉकशील्ड यांनी म्हणूनच दोन पातळ्या सांगितल्या. वरवरच्या अभिनयात माणूस चेहरा बदलतो आणि मन तसंच ठेवतो. खोल अभिनयात तो स्वतःच्या मनालाच वळण लावतो, आणि मग कालांतराने आपलं खरं हसू कुठलं आणि कामाचं कुठलं, हे त्याचं त्यालाच उमगेनासं होतं. त्याच अभ्यासात थकबाकी वसूल करणारेही होते. त्यांना उलट भाव विकायचा होता : संशय, जरब, तुसडेपणा. म्हणजे भावनिक श्रम गोडच असतो असं नाही. एखादी भावना पगाराच्या बदल्यात, ठरवून दिलेल्या मापाने पुरवायची, हे त्याचं लक्षण.

या श्रमाच्या त्यांनी तीन खुणा सांगितल्या. लोकांशी समोरासमोर किंवा आवाजाने संबंध येतो. समोरच्याच्या मनात विशिष्ट भाव निर्माण करायचा असतो. आणि तुमच्या भावनांवर मालक प्रशिक्षणातून व देखरेखीतून ताबा ठेवतो. तिसरी खूण लक्षात ठेवा, पुढे तिची गरज पडणार आहे. घरात सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणं, रुसलेल्यांची समजूत काढणं, यालाही आजकाल भावनिक श्रम म्हणतात. 2018 सालच्या एका मुलाखतीत हॉकशील्ड यांनी स्वतःच या सैल वापराबद्दल नाराजी व्यक्त केली होती. घरातलं ते काम खरं असतं आणि थकवणारंही असतं, पण त्याला मजुरी नसते आणि मालकही नसतो. त्याचा प्रश्न वेगळा, आणि तो वेगळाच ठेवला तर नीट सोडवता येईल असं मला वाटतं.

आता दुसरं ओझं. गिग कामाची, म्हणजे बांधलेल्या नोकरीशिवाय एकेक काम मिळेल तसं करण्याची, असुरक्षितता तुम्ही काम करताना काय करता यावर ठरत नाही, ती कोणत्या अटींवर करता यावर ठरते. आपल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्याच अशी आहे की तो पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर काम करून कमावतो. "नात्याबाहेर" या एका शब्दातून बाकीचं सगळं येतं. कामाचे तास बांधलेले नाहीत, तशी कमाईही बांधलेली नाही. लीड न आलेल्या वेळेचे पैसे नाहीत. आजारपणाची रजा आपल्या खिशातून. बॅगेतलं सामान, पेट्रोल, मोबाइलचा डेटा आपला. दर आणि कमिशन ठरवणार कंपनी. आणि आयडी ब्लॉक झाला की नोकरीवरून काढल्याचं पत्रसुद्धा येत नाही, फक्त ॲप उघडत नाही.

दोन्ही एकच नाहीत हे ताडून बघायचा सोपा मार्ग म्हणजे एक ठेवायचं आणि दुसरं काढून टाकायचं. सरकारी रुग्णालयातली कायम नोकरीतली परिचारिका रात्रपाळीत घाबरलेल्या नातेवाइकांना शांत आवाजात धीर देते. तिचा पगार, रजा, निवृत्तिवेतन ठरलेलं आहे. तिच्याकडे भावनिक श्रम भरपूर आहे, असुरक्षितता नाही. उलट, घरी बसून एका ॲपवर फोटोंमधल्या गाड्या आणि माणसांभोवती चौकटी आखून देणारा मुलगा घ्या. त्याला प्रत्येक फोटोमागे काही पैसे मिळतात, उद्या काम येईल की नाही ठाऊक नसतं, पण त्याला कुणाकडे बघून हसावं लागत नाही. त्याच्याकडे असुरक्षितता आहे, भावनिक श्रम जवळजवळ नाही. असुरक्षितता ॲपमुळेच येते असंही नाही : आपल्या आशाताई गावागावांत माणसांना धीर देत हिंडतात, कागदोपत्री "स्वयंसेविका" असतात, आणि मोबदल्याचा काही भाग कामागणिक मिळतो.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो धास्तीपाशी. पार्किंगमध्ये बसलेल्या ताईच्या पोटात जो गोळा येतो तो भावनिक श्रम नाही, कारण ती काळजी कुणी विकत घेत नाही. ती वाईट कराराची किंमत आहे. वरच्या घरात तिने दाबून ठेवलेला राग मात्र सेवेचाच भाग होता. त्याचे पैसे ग्राहकाने मोजले होते, निदान मोजायला हवे होते. एखाद्या भावनेबद्दल शंका आली तर एवढंच विचारावं : ही भावना कुणासाठी तयार केली जाते आहे? कुणासाठीच नसेल, फक्त उद्याच्या भीतीने उसळत असेल, तर ध्यानाचे वर्ग आणि समुपदेशनाची हेल्पलाइन तिचं मूळ हलवणार नाहीत. तिला हवी आहे किमान कमाईची हमी.

ही दोन ओझी खरोखर एकमेकांत गुंततात ती रेटिंगपाशी, आणि तिथे थोडा हिशेब मांडायला हवा. समजा एका ॲपवर शेवटच्या पन्नास कामांची सरासरी धरतात आणि ती 4.7 च्या खाली गेली की आयडी बंद होतो. पन्नासही ग्राहकांनी पाच स्टार दिले तर बेरीज 250. सरासरी 4.7 राहायला 235 हवेत, म्हणजे ताईच्या हातात गमवायला फक्त पंधरा गुण आहेत. एका चिडलेल्या ग्राहकाचा एक स्टार चार गुण खातो. असे चौघे भेटले की बेरीज 234, सरासरी 4.68, आणि आयडी गेला. पण त्याहून मला अस्वस्थ करतो तो भला ग्राहक. तो "चांगलं काम केलं, पण अगदी उत्तम नाही" म्हणून प्रामाणिकपणे चार स्टार देतो. असे सोळा भले लोक मिळून तिचं तेच करतात. आपल्या शाळेत ऐंशी टक्के म्हणजे चांगले गुण. इथे सगळ्यांनी ऐंशी टक्के दिले तर रोजगार जातो.

त्यामुळे ताईचं हसू परिचारिकेच्या हसण्यासारखं राहत नाही. परिचारिकेला एखाद्या दिवशी खोल अभिनय जमला नाही तर वरवरचा चालतो, आणि तोही नाही जमला तर फार तर सिस्टर इन-चार्ज बोलेल. ताईला तशी सवलत नाही. कुणी चुकीचा स्पर्श केला, ठरल्यापेक्षा जास्त काम फुकट करून मागितलं, तरी "नाही" म्हणण्याची किंमत त्या पंधरा गुणांतून वजा होते. एका ओझ्याने दुसरं जड होतं ते असं. ताईची कुचंबणा नेमकी इथे असल्यामुळे "दोन्ही एकच" म्हणण्याचा मोह होतो, हे मला समजतं.

पण वेगळं ठेवल्याचा फायदाही इथेच दिसतो. हॉकशील्ड यांची तिसरी खूण आठवा : मालकाची देखरेख. ॲप कंपन्या म्हणतात, आम्ही मालक नाही, फक्त ग्राहक आणि स्वतंत्र व्यावसायिक यांची गाठ घालून देतो. 19 फेब्रुवारी 2021 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या चालकांच्या खटल्यात हा दावा फेटाळला. न्यायालयाने ज्या गोष्टी तपासल्या त्यांत भाडं कोण ठरवतं, फेरी नाकारल्यावर काय होतं, यांच्याबरोबर रेटिंगही होतं. न्यायालयाचं म्हणणं असं की चांगल्या रेटिंगच्या चालकाला प्रवासी निवडू शकत नाही, चालकाला जास्त भाडंही लावता येत नाही; म्हणजे ते स्टार प्रवाशाच्या माहितीसाठी नसून कामावर नजर ठेवण्याचं आणि काढून टाकण्याचं कंपनीचं अंतर्गत साधन आहे. चालक "वर्कर" ठरले, त्यांना किमान वेतन आणि भरपगारी सुट्टीचा हक्क मिळाला, आणि काम करण्याची परवानगी असलेल्या हद्दीत ॲप चालू ठेवून फेरीची वाट बघण्याचा वेळही कामाचा वेळ धरला गेला. हसण्यावर ठेवलेली पाळत असुरक्षिततेच्या विरोधातला पुरावा ठरली.

आपल्याकडे वाट वेगळी निघाली. सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम कल्याण निधीत द्यायची आहे, मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांपर्यंतच. त्यातून विमा आणि वृद्धापकाळाचं काहीतरी उभं राहू शकतं. पण व्याख्या "नात्याबाहेर"च राहिली, त्यामुळे किमान वेतनाची वाट उघडली नाही, आणि रेटिंगला या तरतुदीने हातही लावलेला नाही. कर्नाटकाच्या 2025 च्या कायद्याने थोडं पुढचं पाऊल टाकलं : काम बंद करण्याआधी लेखी कारण आणि 14 दिवसांची सूचना. तिथल्या ताईला आयडी का जाणार हे निदान आधी कळेल. ग्राहकाने हात धरला म्हणून ती अर्धं काम सोडून उठून आली, आणि त्या ग्राहकाने एक स्टार दिला, तर तो स्टार पन्नासांतून वगळायचा की नाही, हे अजून कंपनीच ठरवते.