सुपूर्तनाम्यावर सुटणारी गाडी आणि अडकणारा फोन : अंतरिम ताब्याच्या कायद्याची पार्श्वभूमी

किनाऱ्यालगतच्या पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात पावसाळ्यानंतर डोकावले, की जप्त दुचाकींच्या चाकांवरून वेल चढलेले दिसतात, सीटच्या फाटलेल्या रेक्झिनमध्ये पाणी साचलेले असते आणि खाऱ्या वाऱ्याने खाल्लेल्या चासीवरचा क्रमांक बोटाने घासूनही धड वाचता येत नाही. गाडी पुरावा म्हणून ठेवलेली असते, पण तिची ओळख पटवणारा क्रमांकच गंजून गेल्यावर तो पुरावा कशाचा राहिला, हा प्रश्न त्या आवारात उभे राहिल्यावर सुचल्याशिवाय राहत नाही. खटला चालू असतानाच मालकाला जप्त वस्तूचा तात्पुरता ताबा देण्याची तरतूद ह्याच प्रश्नातून हळूहळू आकाराला आली आणि असा ताबा मागणारा अर्ज आज कसा लिहितात हे समजून घ्यायचे असेल, तर तिचा हा प्रवास माहीत असलेला बरा.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मुद्देमालाची विल्हेवाट प्रामुख्याने खटला संपल्यावर लावायची होती. पोलिसांनी जप्त केलेल्या मालाबाबत कलम ५२३ होते खरे, पण न्यायालयासमोर आलेल्या वस्तूचे निकालापर्यंत काय करायचे, हे स्पष्टपणे सांगणारे कलम ५१६-अ १९२३ च्या दुरुस्तीने आले. त्यानुसार चौकशी किंवा खटला संपेपर्यंत वस्तूच्या योग्य अभिरक्षेचा आदेश देता येऊ लागला आणि वस्तू लवकर नाश पावणारी असेल, तर ती विकताही येऊ लागली. टोपलीभर मासळी नाशवंत आहे, हे कायद्याला तेव्हाच कळले होते. उभी गाडीही नाशवंत असते, हे उमगायला मात्र त्याला पुष्कळ वेळ लागला. १९७३ च्या संहितेत हे कलम ४५१ झाले आणि नाशवंत वस्तूंखेरीज ‘अन्यथा इष्ट’ वाटेल तेव्हाही विक्री करण्याची मुभा त्यात आली. जी वस्तू जप्त झाली, जिचा अहवाल दंडाधिकाऱ्याकडे गेला, पण जी प्रत्यक्ष न्यायालयासमोर आली नाही, तिच्यासाठी कलम ४५७ राहिले. तालुक्याच्या न्यायालयातल्या जुन्या अर्जांच्या शीर्षकात ‘कलम ४५१ व ४५७ अन्वये’ अशी जोडी दिसते, ती ह्याचमुळे: वस्तू नेमकी कोणत्या टप्प्यावर आहे, ह्या वादात अर्ज अडकू नये, म्हणून वकील दोन्ही कलमे लिहीत असत.

कायदा असूनही माल ठाण्यातच पडून राही. बसव्वा पाटील विरुद्ध म्हैसूर राज्य ह्या १९७७ च्या निकालातली हकीकत त्यामुळे बोलकी आहे. ह्या बाईंच्या घरी चोरी झाली, दागिने हाती लागले, न्यायालयात हजरही झाले आणि पुढे पडताळणीसाठी पोलिसांकडे गेले असता ठाण्यातूनच नाहीसे झाले. सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या: गरजेपेक्षा जास्त काळ माल अडकवून ठेवू नये, आणि योग्य काळजी न घेतल्यामुळे तो गेला असेल, तर त्याची किंमत राज्याने मालकाला द्यावी.

खरे वळण आले ते १ ऑक्टोबर २००२ रोजी, सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य ह्या निकालाने. गंमत अशी, की त्या प्रकरणाच्या मुळाशी कोणा मालकाची तक्रार नव्हती, तर पोलीस कर्मचाऱ्यांवरचेच आरोप होते: मुद्देमालातल्या चांगल्या वस्तू काढून हलक्या ठेवल्या, जप्त मालाचा परस्पर लिलाव केला, नोंदी बदलल्या. तेव्हा न्यायालयाने कलम ४५१ च्या वापराकडेच मोर्चा वळवला. माल पंधरा दिवस ते फार तर एक महिना ठाण्यात राहावा, त्याचा सविस्तर पंचनामा करावा, छायाचित्रे काढावीत, मालकाकडून बंधपत्र आणि आवश्यक ती सुरक्षा घेऊन माल परत करावा आणि खटल्यात वस्तूऐवजी पंचनामा व छायाचित्रे वापरावीत, असे त्यात म्हटले आहे. वाहनांबद्दल तर स्पष्टच लिहिले, की ती ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काही अर्थ नाही. ह्या निकालाचे महत्त्व मुदतीपेक्षा त्यामागच्या कल्पनेत आहे. तोवर वस्तू सांभाळणे म्हणजे पुरावा सांभाळणे असे समजले जाई. इथून पुढे वस्तूची नोंद हाच पुरावा ठरू लागला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हीच कल्पना कलमात उतरवली. जुने ४५१ आता ४९७ आहे आणि जुने ४५७ आता ५०३. नव्या कलमात ‘चौकशी किंवा खटला’ ह्यांच्या आधी ‘तपास’ हा शब्द आला आहे, त्यामुळे दोषारोपपत्र दाखल व्हायचे आहे, एवढ्या सबबीवर अर्ज टाळता येत नाही. मालमत्ता न्यायालयासमोर आल्यापासून चौदा दिवसांत तिचे वर्णनपत्र तयार करायचे, छायाचित्र आणि गरज पडल्यास चित्रफीत घ्यायची, ही सामग्री खटल्यात पुरावा म्हणून चालेल आणि त्यानंतर तीस दिवसांत मालमत्तेच्या विल्हेवाटीचा किंवा ती सुपूर्त करण्याचा आदेश द्यायचा, असा क्रम त्यात आहे. मात्र ही मुदत जप्तीपासून मोजली जात नाही, वस्तू न्यायालयासमोर आणल्यापासून मोजली जाते. गाडी ठाण्याच्या आवारात आणि न्यायालयात केवळ जप्तीचा अहवाल, अशी स्थिती असेल, तर चव्वेचाळीस दिवस आपोआप संपतील ह्या भरवशावर बसून चालत नाही. मालकाने अर्ज करावाच लागतो.

प्रत्यक्षात हे कसे घडते, ते एका कल्पित पण अगदी नेहमीच्या उदाहरणातून पाहू. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपली आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात हर्णै बंदरातून मासळी घेऊन दापोलीकडे निघालेला टेम्पो आसूदच्या वळणावर दुचाकीला धडकला. दुचाकीस्वार जखमी झाला, गुन्हा नोंदला गेला, टेम्पो जप्त झाला आणि चालक फोनवर बोलत होता असा संशय असल्याने त्याचा मोबाइलही पंचनाम्यात आला. चालक धाकटा भाऊ; टेम्पो मात्र विरारला नोकरी करणाऱ्या थोरल्याच्या नावावर. कोकणातल्या घराघरांत हे असेच असते: कर्ज मुंबईकराच्या पगारावर, गाडी त्याच्या नावावर आणि धंदा गावच्या भावाचा.

पहिली अडचण इथेच येते. न्यायालय ताबा मिळण्याचा हक्क कोणाचा हे पाहते आणि वाहनाच्या बाबतीत नोंदणी प्रमाणपत्रावरचे नाव हा त्याचा सर्वांत सरळ पुरावा असतो. गावच्या भावाने स्वतःच्या नावाने अर्ज केला, तर सरकारी पक्षाच्या म्हणण्यात पहिले वाक्य ‘अर्जदार मालक नाही’ हेच येणार. त्यामुळे ‘दादा, तू सही करायला तरी ये’ असा फोन विरारला जातो. येणे शक्य नसेल, तर रीतसर अधिकारपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र लागते. अर्जासोबत नोंदणी प्रमाणपत्र, अपघाताच्या दिवशी चालू असलेला विमा, चालकाचा परवाना आणि ओळखपत्र जोडतात. विमा संपलेला असेल तर गोष्ट कठीण होते, कारण विमा नसलेले अपघाती वाहन जखमीच्या भरपाईसाठी पुरेसे तारण घेतल्याशिवाय सोडू नये, असा नियम करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यांना सांगितले आहे.

अर्ज दाखल झाल्यावर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी तपासी अंमलदाराचे आणि सरकारी अभियोक्त्यांचे म्हणणे मागवतात. अपघाताच्या प्रकरणात त्यात एकच महत्त्वाची बाब असते, ती म्हणजे मोटार वाहन निरीक्षकाने ब्रेक, टायर आणि धडकेच्या खुणा तपासल्या की नाही. तपासणी राहिली असेल, तर अर्ज तोवर थांबतो. झाली असेल, तर गाडी अडवून ठेवायला सहसा कारण उरत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १३६ तर तपासणीची औपचारिकता पूर्ण झाल्यावर चोवीस तासांत वाहन परत करावे असे म्हणते. म्हणून अर्जात नुसते ‘हंगाम बुडतो आहे’ असे लिहिण्याऐवजी तपासणीचा दिनांक लिहावा. हंगामाचे दुःख खरे असते, पण आदेश निघतो तो दिनांकावर.

आदेशातल्या अटी बहुधा ठरावीक असतात: गाडीच्या किमतीइतक्या रकमेचे बंधपत्र, काही वेळा जामीनदार, चारही बाजूंची आणि चासी-इंजिन क्रमांकाची छायाचित्रे, विक्री किंवा हस्तांतर करायचे नाही, रंगरूप बदलायचे नाही आणि बोलावल्यावर हजर करायची. ह्या बंधपत्राला न्यायालयाच्या आवारात सुपूर्तनामा म्हणतात. बंधपत्र म्हणजे रोख भरणा नव्हे, अट मोडली तर तेवढी रक्कम भरण्याची लेखी हमी. पाच लाखांचे बंधपत्र ऐकून घाबरणाऱ्याला वकिलांनी एवढे समजावले, तरी अर्धे काम होते. ताबा मिळाला म्हणजे मालकी ठरली, असेही नाही. मालाचे अंतिम काय करायचे, हे निकालाच्या वेळी कलम ४९८ खाली ठरते.

आता फोन. चोरीला जाऊन सापडलेला फोन असेल, तर तोही दुचाकीसारखाच सुटतो: बिल, खोक्यावरचा आयएमईआय क्रमांक आणि पंचनाम्यातला क्रमांक जुळले, की मूळ मालक कोण हे ठरते. फोन चालू असेल, तर `*#06#` दाबून पडद्यावर येणारा क्रमांक पंचनाम्याशी ताडून पाहता येतो. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक असतात आणि पंचनाम्यात दुसराच उतरवला गेल्याने अर्ज लांबल्याची उदाहरणे घडतात.

पण ज्याच्या आतला मजकूर हाच पुरावा आहे, तिथे २००२ ची युक्ती अपुरी पडते. टेम्पोचे छायाचित्र टेम्पोच्या जागी उभे राहते; फोनचे छायाचित्र त्यातल्या संदेशांच्या जागी उभे राहत नाही. त्यासाठी न्यायसहायक प्रयोगशाळेत फोनमधल्या माहितीची हुबेहूब प्रत काढून तिचे हॅश मूल्य, म्हणजे प्रत पुढे बदलली गेली नाही हे ताडून पाहता येणारा आकडा, नोंदवावे लागते, आणि तोवर ‘अहवाल प्रलंबित’ हे दोन शब्द अर्ज रोखून धरतात. म्हणूनच अर्जात विचारायचा प्रश्न हा, की पोलिसांना फोनमधून नेमके काय हवे आहे. आसूदच्या प्रकरणात धडकेच्या वेळी साधा कॉल चालू होता का, एवढेच हवे असेल, तर त्याचा तपशील दूरसंचार कंपनीकडून मिळतो, त्यासाठी फोन कपाटात ठेवण्याची गरज नाही. संशय ॲपवरच्या कॉलचा किंवा चित्रफितीचा असेल, तर मात्र प्रत निघेपर्यंत थांबावे लागते; अशा वेळी प्रत लवकर काढण्याचा आदेश आणि त्यानंतर ताबा, अशी दुहेरी मागणी करणे शहाणपणाचे. मागणी नामंजूर झाली, तर सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज केला जातो.

ही सगळी वाट सामान्य गुन्ह्यांतल्या जप्तीची आहे. खाडीतली विनापरवाना वाळू वाहणारा डंपर महसूल अधिकाऱ्यांनी पकडला, तर तो जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड आणि बंधपत्रावर सुटतो. खैराची चोरटी लाकडे नेणारे वाहन वन विभागाने धरले, तर सरकारजमा करण्याची स्वतंत्र कारवाई सुरू होते आणि दंडाधिकाऱ्यांपुढचा अर्ज तिथे बहुधा निरुपयोगी ठरतो. अमली पदार्थांच्या प्रकरणात ताबा मिळतच नाही, असा समज मात्र सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बिश्वजित डे प्रकरणात दूर केला. त्या कायद्यात अंतरिम ताब्याला सरसकट मनाई नाही, प्रकरणाची वस्तुस्थिती पाहावी, असे त्यात म्हटले आहे.

टेम्पो सुटून हर्णैच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या, तरी थोरल्या भावाची सही निकालापर्यंत बांधलेली राहते. पुढच्या वर्षी टेम्पो विकून मोठी गाडी घ्यायची ठरली किंवा नुसता रंग बदलायचा झाला, तरी आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते आणि तो अर्जही, पहिल्यासारखाच, नोंदणी प्रमाणपत्रावर ज्याचे नाव आहे त्याच्याच सहीने दाखल करावा लागतो.