वर्गोत्तम म्हणजे उच्च नव्हे

गेल्या दिवाळीत, २० ऑक्टोबर २०२५ च्या पहाटे, फोंड्यात नरकासुर जळून निखारे पडत होते तेव्हा माझ्या भाचीला मुलगा झाला. दुपारी तिने मोबाइलवर काढलेली पत्रिका पाठवली आणि खाली लिहिलं, "मावशी, गुरू आणि रवी दोघेही वर्गोत्तम! म्हणजे दोन ग्रह उच्चीचे ना?" गुरूबद्दल तिचं बरोबर होतं. रवीबद्दल पार उलटं. एकाच पत्रिकेत दोन्ही आले म्हणून हा घोटाळा नीट सोडवायची संधी मी घेते. महिन्यातून चार-पाचदा तरी हा प्रश्न माझ्याकडे येतो.

उच्च-नीच तुम्हाला ठाऊक आहेच. गुरू कर्केत उच्च, मकरेत नीच. रवी मेषेत उच्च, तुळेत नीच. तिथे फक्त रास बघायची.

वर्गोत्तमाला रास पुरत नाही. ग्रह राशीत नेमका कुठे आहे ते बघावं लागतं. तीस अंशांच्या राशीचे नऊ भाग केले की प्रत्येक भाग ३ अंश २० कलांचा होतो. हाच नवांश, आणि हाच नक्षत्राचा एक चरण. प्रत्येक नवांशाला एक रास दिलेली असते. जन्मकुंडलीतली रास आणि नवांशाची रास एकच आली की ग्रह वर्गोत्तम. हे कुठे घडतं ते वराहमिहिराने बृहज्जातकातच सांगून ठेवलंय: चर राशीत पहिला नवांश, स्थिर राशीत मधला म्हणजे पाचवा, द्विस्वभाव राशीत शेवटचा. अंशांत सांगायचं तर चर राशीत ० ते ३°२०', स्थिर राशीत १३°२०' ते १६°४०', द्विस्वभाव राशीत २६°४०' ते ३०°. एवढे तीन आकडे लक्षात ठेवले तर नवांश कुंडली उघडायचीसुद्धा गरज पडत नाही.

यात ग्रह कोणता, त्याची ती रास मित्राची की शत्रूची, याचा कुठे संबंध आला? कुठेच नाही. शनी असो की शुक्र, मेषेच्या दुसऱ्या अंशावर असला की वर्गोत्तम. गोंधळ त्या 'उत्तम' शब्दाने होतो. वर्ग म्हणजे इथे राशीचा विभाग. पण कानाला 'उत्तम' ऐकू येतं आणि माणूस थेट उच्चावर जाऊन बसतो.

आता बाळाची पत्रिका घ्या. गुरू १८ ऑक्टोबरच्या रात्री मिथुनेतून कर्केत आला, म्हणजे जन्माच्या वेळी कर्केच्या अगदी उंबरठ्यावर, पहिल्या काही कलांतच होता. कर्क चर रास, पहिला नवांश कर्केचाच, म्हणून तो वर्गोत्तम. शिवाय कर्केत म्हणून उच्च. पण दोन दिवस मागे जा. तेव्हा गुरू मिथुनेच्या शेवटच्या अंशात होता. मिथुन द्विस्वभाव, तिचा शेवटचा नवांश मिथुनेचाच. म्हणजे तेव्हाही तो वर्गोत्तमच होता, मात्र बुधाच्या, म्हणजे गुरू ज्याला शत्रू मानतो त्याच्या राशीत. पुनर्वसूचा तिसरा चरण संपून चौथा लागला एवढंच झालं. वर्गोत्तमपणा तसाच राहिला आणि उच्चपणा एका रात्रीत आला. दोन्ही एकच असते तर हे झालं नसतं.

रवीचं बघा. तो १७ ऑक्टोबरला दुपारी तुळेत शिरला. जन्मवेळी तुळेच्या सुमारे २ अंश ४० कलांवर होता. तूळ चर, पहिला नवांश तुळेचा. म्हणून वर्गोत्तम, आणि तुळेत म्हणून नीच. राशीतही नीच, नवांशातही नीच. भाचीने ज्याला 'उच्च' म्हटलं ते खरं तर 'दोनदा नीच' होतं.

मग वर्गोत्तम ग्रहाला बळ का मानतात? नवांश ही ग्रहाची दुसरी तपासणी आहे. राशीत ग्रह एक सांगतो आणि नवांश बहुतेक वेळा दुसरंच सांगतो. कर्केच्या २१ अंशांवरचा गुरू बघा. राशीत उच्च, पण तिथला नवांश मकरेचा, म्हणजे नीचाचा. पत्रिका बघणारा हरखतो आणि फळाच्या वेळी हात राखून बोलावं लागतं. वर्गोत्तम ग्रहाच्या बाबतीत ही ओढाताण नसते. राशीने जे म्हटलं त्याच्यावर नवांश सही करतो, म्हणून त्याचं फळ ठाम मिळतं असं मानतात. परंपरेत त्याला स्वराशीतल्या ग्रहाच्या जवळपासचा मान आहे.

हा मान नीच ग्रहालाही सरसकट द्यायचा का, यावर ज्योतिषी एकमताचे नाहीत. काही जण म्हणतात वर्गोत्तम झाला की नीचपणा धुऊन निघाला. मला हे अजिबात पटत नाही. सही कशावर झाली आहे ते आधी वाचायला हवं. नीच रवी वर्गोत्तम असेल तर तो डळमळत नाही, त्याचं वागणं एकसारखं राहतं, एवढंच मी म्हणते. नीचभंग होतो का ते तुळेच्या स्वामीवरून, म्हणजे शुक्रावरून, स्वतंत्रपणे बघायचं. वर्गोत्तम हा शिक्का पाहून ते काम टाळणारे लोक मला खरंच खटकतात.

दुसरी चूक छोटी आहे. जन्मकुंडली आणि नवांश कुंडली, दोन्हींत ग्रह पाचव्या घरात दिसला म्हणून वर्गोत्तम म्हणायचं नाही. घर लग्नावर ठरतं. त्या घरात लिहिलेला राशीचा आकडा जुळायला हवा, घराचा नव्हे.

आणि वर्गोत्तम ही दुर्मीळ गोष्टही नाही. नवांश नऊ, त्यातला एक वर्गोत्तम, ग्रहही नऊ. सरासरीने पत्रिकेमागे एखादा येतो. राहू वर्गोत्तम असला की समोरचा केतूही असतोच, त्याचं वेगळं कौतुक नको. लग्न वर्गोत्तम असलं तर मात्र मी आधी जन्मवेळ विचारते. लग्नाचा एक नवांश साधारण तेरा मिनिटांत सरकतो, आणि इस्पितळातली नोंद कित्येकदा 'साडेपाच' अशी गोळाबेरजेची असते.

भाचीला मी शेवटचं एक सांगितलं, ते तिच्या अ‍ॅपमध्ये अयनांश, म्हणजे राशीचक्राची सुरुवात कुठे धरायची त्याचा आकडा, कोणता लावलाय ते बघ. वरचे सगळे आकडे लाहिरी अयनांशाचे आहेत. रामन अयनांश घेतला तर ग्रह सुमारे दीड अंश पुढे जातात. मग गुरू कर्केच्या दीड अंशावर, तरीही वर्गोत्तम. रवी मात्र तुळेच्या चार अंशांपलीकडे, दुसऱ्या म्हणजे वृश्चिक नवांशात जातो. तिने लगेच सेटिंग उघडून पाहिलं. लाहिरीच होता.