सिझरनंतर पाळी ‘साफ’ होत नाही?

“पाळी पाच दिवसांत थांबते, मग आठवडाभर तपकिरी डाग. सासूबाई म्हणतात, सिझरची घाण राहिलीय, काढा घे. खरंय का?” (राजारामपुरी, कोल्हापूर)

नाही हो ताई, ते पाळीचंच जुनं रक्त. सिझरचा व्रण भरताना गर्भाशयाच्या आतून कधी खळगा राहतो; २ मिलिमीटर किंवा जास्त खोल असला तर त्याला ‘निश’ म्हणतात. रक्त तिथं साचतं, तपकिरी पडतं, थेंबथेंब उतरतं. काढ्यानं खळगा बुजत नाही. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत तो दिसतो. सध्या मूल नको असेल तर गर्भनिरोधक गोळ्यांनी डाग बऱ्याचदा कमी होतात. योनीमार्गातून दुर्बीण घालून दुरुस्ती सुचवली, तर व्रणावर स्नायू किती जाड उरलाय ते आधी मोजायला सांगा. फार पातळ असेल तर मूत्राशयाला इजा होऊ शकते. संबंधानंतरही रक्त दिसत असेल, तर गर्भाशयाचं तोंड तपासून घ्याच.